सोपानच्या खिशातले शब्द

प्रश्न: माझी मुलगी तिसरीत आहे. तिच्या वर्गात पालकांना गोष्ट सांगायला बोलावलंय. गावातल्या एका मुलाला इंग्रजी शब्द सापडतात अशी छोटी, मायेची गोष्ट सांगायचं मनात आहे, पण लिहायला बसलं की धडा होतो. गोष्ट कशी रचू? एखादा नमुना मिळेल का?

उत्तर:

नमुना खाली पूर्ण देते, तसाच्या तसा सांगितलात तरी हरकत नाही. पण आधी माझी स्वतःची फसलेली गोष्ट ऐका.

मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली बरीचशी माण तालुक्यात, दोन शिक्षकांच्या शाळेत. २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा मीही अशीच एक गोष्ट रचली होती. एका मुलाला रस्त्यात पुस्तक सापडतं, त्यात ॲपल असतं, बॉल असतो, कॅट असते आणि तो हरखून जातो. मुलं गप्प बसून ऐकत होती. हे लक्षण वाईट. गोष्ट लागली की मुलं गप्प बसत नाहीत, मध्ये तोंड घालतात. शेवटी एकानं विचारलं, "बाई, पण त्याला सापडलं काय? ते तर पुस्तकात हुतंच की." दुसरीनं आणखी एक काढलं, "सफरचंद का खातोय त्यो? आजारी हाय का?" आमच्याकडं तेव्हा सफरचंद दवाखान्यात कुणाला बघायला जातानाच घेतलं जायचं.

दोघांचंही बरोबर होतं. पुस्तकातून मिळतो तो शिकवलेला शब्द. सापडलेला शब्द म्हणजे रोज तोंडात असूनही आजवर दिसला नव्हता असा. गावातल्या मुलाला इंग्रजी शोधायला शहरात जावं लागत नाही, विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीपाशी पाच मिनिटं उभं राहिलं तरी पुरे. त्या दिवशी मी मुलांना घरी जाऊन फक्त ऐकून यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जे आणलं, त्यातून पुढची गोष्ट तयार झाली. सांगायला आठ-दहा मिनिटं लागतात.

सोपान तिसरीत होता. त्याच्या चड्डीला दोन खिसे होते. उजवा चांगला होता. डावा फाटका होता.

एके दिवशी शाळा सुटताना बाई म्हणाल्या, "उद्या येताना प्रत्येकानं एक इंग्रजी शब्द आणायचा. पण पुस्तकातला नाही हं. घरातला पाहिजे."

सोपान घरी जाताना विचारात पडला. इंग्रजी मुंबईच्या मामाकडं असतं. त्याच्या फोनमध्ये असतं. आपल्या घरात ते कुठून येणार?

तरी त्यानं शोधलं. कणगीच्या मागं पाहिलं. कोनाड्यात पाहिलं. उतरंडीतल्या सगळ्यात खालच्या मडक्यात हात घातला. तिथं आजीनं लपवलेली सुपारी निघाली.

"काय हुडकतोयस रं?" आजीनं विचारलं.

"आजी, आपल्या घरात इंग्रजी हाय का गं?"

आजीनं विचार केला. "न्हाई बाबा. उंदरं हायती. इंग्रजी कधी दिसलं न्हाई."

रात्री जेवणं झाली आणि लाईट आली. शेताची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. आप्पा मक्याला पाणी द्यायला निघाले. "सोपान, चल. बॅटरी धरायला कुणीतरी पायजे."

विहिरीजवळ खांबाला एक पेटी होती. आप्पा म्हणाले, "तू हितंच थांब. लांबनं उजेड धर." सोपाननं लांबून उजेड धरला. आप्पांनी हिरवी कळ दाबली.

मोटर म्हणाली, "घूंऽऽऽ..."

आणि गप्प झाली.

"फेज गेला वाटतं," आप्पा म्हणाले.

"कुठं गेला?"

"डीपीवरनंच गेला आसंल."

सोपाननं अंधारात डीपीकडं पाहिलं. तिकडून कुणीच जाताना दिसलं नाही.

"आप्पा, फेज म्हंजी काय?"

"फेज म्हंजी... फेज."

"पण आपल्या भाषेत काय म्हणायचं त्याला?"

"आपल्या भाषेतच तर म्हणतोय की!" आप्पा म्हणाले. मग थांबले. डोकं खाजवलं. "तसं बघाय गेलं तर इंग्रजीच हाय त्यो. वायरमन म्हणतो, म्हणून आपण बी म्हणतो."

सोपानच्या हातातला उजेड थरथरला.

"म्हंजी फेज इंग्रजी?"

"व्हय."

"आन् मोटर?"

"ती बी."

"आन् स्टार्टर?"

"इस्टाटर? त्यो बी."

"वायर?"

"ती बी."

"बॅटरी?"

"ती बी! आरं, उजेड नीट धर."

"उजेड?"

"उजेड आपला हाय!"

थोड्या वेळानं फेज परत आला. मोटर सुरू झाली, पाणी पाटातून पळायला लागलं आणि त्याच्यापुढं सोपान घराकडं पळत सुटला. अंगणात भुईमुगाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. त्यानं मोजून पाच शेंगा उचलल्या आणि उजव्या खिशात टाकल्या. फेज. मोटर. स्टार्टर. वायर. बॅटरी.

सकाळी तो अंथरुणातून उठला तो शोधतच. चुलीशेजारी गॅस होता. गॅस! एक शेंग. आईनं चहा ओतला. कप! एक शेंग. तोंड धुतलं, पुसायला टॉवेल घेतला. टॉवेल! एक शेंग. बाहेर आप्पांची सायकल उभी होती. तिच्याभोवती तो एकदा फिरला आणि चार शेंगा घेऊन आला. सायकल, ब्रेक, चेन आणि भिंतीला टेकवलेला पंप.

"शेंगा का संपवतोयस?" आजी ओरडली. "आन् शाळेचा टायम झाला की न्हाई?"

सोपान जागच्या जागी उभा राहिला. "आजी, तू इंग्रजी बोललीस!"

"मी?" आजीनं तोंडावर पदर धरला. "मी कशाला बोलतीया?"

"आत्ता म्हणालीस. टायम!"

आजीनं तो शब्द तोंडातल्या तोंडात पुन्हा म्हणून पाहिला. "टायम." मग ती हसायलाच लागली. हसता हसता खाली बसली. "आगं बया! सत्तर वरसं बोलतीया, आन् मला कुणी सांगितलं बी न्हाई!" आणि तिनं स्वतःच्या हातानं एक मोठी, तीन दाण्यांची शेंग निवडून सोपानच्या खिशात घातली. "ही माझी."

मग डोळे पुसत तिनं कमरेची चावी काढली, पेटी उघडली आणि सोपानला खाऊला गूळ दिला. सोपाननं चावीकडं पाहिलं. गूळ तोंडात, चावी! आणखी एक शेंग.

शाळेत बाईंनी विचारलं, "कुणाकुणाला सापडला?"

सोपाननं उजवा खिसा टेबलावर उलटा केला. चौदा शेंगा! तो एकेक शेंग उचलत गेला, शब्द सांगत गेला. बाई फळ्यावर लिहीत गेल्या. तेरा शब्द झाले. चौदावी शेंग उचलून सोपान म्हणाला, "चावी."

बाईंचा खडू थांबला. "सोपान, ही शेंग दुसऱ्या पोत्यातली आहे."

"म्हंजी?"

"इंग्रज लोक चावीला की म्हणतात. चावी हा शब्द त्यांच्याही आधी आला. पोर्तुगीज लोक जहाजं घेऊन आले ना, त्यांच्याबरोबर. पाव पण त्यांचाच. आणि घमेलं पण."

"घमेलं पण?"

"घमेलं पण! तेव्हा ही शेंग त्या खिशात नको. दुसऱ्या खिशात ठेव."

सोपाननं ती शेंग डाव्या खिशात टाकली. ती भोकातून सरळ खाली पडली. टक्!

सगळा वर्ग हसला. सोपानही हसला. त्यानं शेंग उचलली आणि मुठीत धरली.

मग बाईंनी एक चित्रांचं पुस्तक काढलं. सगळं इंग्रजी पुस्तक, पानापानावर प्राणी. एका पानावर लांब शेपटीचा, तांबूस-करडा, मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला प्राणी होता.

"मुंगूऽऽस!" सगळी पोरं ओरडली. बांधावर रोज दिसायचं ते.

"आता चित्राखाली इंग्रजीत काय लिहिलंय ते वाचते," बाई म्हणाल्या. त्यांनी बोट ठेवलं आणि सावकाश वाचलं, "मंऽगूऽस."

वर्ग चिडीचूप.

सोपान हळूच म्हणाला, "बाई... ह्यांनी आपला शब्द घेतला?"

"हो. त्यांच्या देशात मुंगूस नव्हतंच. आपल्या लोकांकडून त्यांनी नाव ऐकलं. पण त्यांना ते नीट म्हणता येईना. मंगूस, मंगूस म्हणायला लागले."

"आमचे आप्पा इस्टाटर म्हणत्यात तसं?"

"अगदी तसंच."

संध्याकाळी आजी उंबऱ्यात बसून सोपानचा डावा खिसा शिवत होती. सोपाननं तिला सगळं सांगितलं. "आजी, तिकडं लांब, इंग्रजांच्या देशात आपलं मुंगूस हाय. शब्द आपला. त्यांनी न्हेला."

आजीनं दोरा दातानं तोडला. "आन् आपल्याकडं त्यांचं काय काय हाय?"

सोपाननं बोटं मोजली. "फेज, मोटर, स्टार्टर, वायर, बॅटरी, गॅस, कप, टॉवेल, सायकल, ब्रेक, चेन, पंप. आन् तुझा टायम."

आजीनं खिसा ओढून पाहिला. पक्का शिवला होता. तिनं चावीची शेंग त्यात टाकली.

"मग ऱ्हाऊ दे की एक मुंगूस त्यांच्याकडं," ती म्हणाली. "तिकडं साप निघाला, तर उपेगी पडंल."

गोष्ट इथं संपते. यापुढं एक वाक्यही जोडू नका, विशेषतः "म्हणून मुलांनो" ने सुरू होणारं.

आता ती अशी का रचली ते. पहिला प्रश्न शब्द कुठले घ्यायचे हा. माझी कसोटी सोपी आहे. सोपान आप्पांना विचारतो तेच स्वतःच्या घरात विचारायचं: "याला आपल्या भाषेत काय म्हणायचं?" समोरच्यानं तोच शब्द परत उच्चारला तर तो घ्या. फेज, वायर, टॉवेल यात बसतात. समोरच्याला दुसरा शब्द सुचला, तर तो शोध राहत नाही, भाषांतर होतं. म्हणून मी खुर्चीला चेअर, पाण्याला वॉटर वगैरे एकदाही आणलं नाही. ते सोपानला सापडू शकत नाहीत, कुणीतरी सांगावेच लागतात.

दुसरी अडचण सांगणाऱ्याचीच असते. नवा वाटला की शब्द इंग्रजी, असं आपण धरून चालतो. पहिल्यांदा ही गोष्ट सांगताना मी स्वतः चावी इंग्रजीच्या पोत्यात टाकली होती आणि वर्गातल्या एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, मला तर नाहीच. चूक नंतर कळली. ती पुसून टाकण्याऐवजी मी ती सोपानच्या हातून करवली आणि तिथूनच फाटका खिसा जन्माला आला. पोर्तुगीजांकडून आलेले शब्द आपल्या घरात बरेच आहेत: चावी, पाव, बटाटा, घमेलं, बिजागरी, तंबाखू, पगार. मुलांना जमेल अशी खूण म्हणजे त्याच वस्तूला इंग्रजीत निराळंच नाव आहे का ते पाहायचं. चावीला की, पावाला ब्रेड, म्हणजे पोतं दुसरं.

ही खूण दोन तऱ्हांनी मात्र फसते आणि चुणचुणीत मूल तुम्हाला तिथंच पकडेल. बटाटा आणि पोटॅटो ऐकायला सारखे, म्हणून मूल म्हणेल की बटाटा इंग्रजीच. तसं नाही. दोघंही एकाच घराण्यातले, पण आपल्याकडं तो पोर्तुगीजांच्या बोटीनं आला. बॅटरीचं उलटं आहे. गावात बॅटरी म्हणजे हातातला दिवा, इंग्रजीत त्या दिव्याला टॉर्च म्हणतात. खूण लावली तर बॅटरी बाद होईल, पण शब्द इंग्रजीच आहे, आपण फक्त तो आतल्या सेलवरून अख्ख्या दिव्याला दिला. मुलानं विचारलं तर हेच सांगा, मुलांना ही लबाडी फार आवडते. विचारलं नाही तर गोष्टीत घुसडू नका.

मुंगसाबद्दलही मी गोष्टीत थोडी वाट आखूड केली आहे. इंग्रजीतला मंगूस हा शब्द मुळात मराठी मुंगूस, हे पक्कं. तो सतराव्या शतकाच्या शेवटी-शेवटी इंग्रजी लिखाणात दिसू लागतो, पण मधे पोर्तुगीजांचा हात लागलेला असावा असं कोशकार मानतात. आठ वर्षांच्या मुलासाठी तो मधला मुक्काम गाळला तरी खोटं होत नाही. अशा ठिकाणी जंगल, लूट, बांगडी हेही शब्द लोक घेतात, तेही आपल्याकडून तिकडं गेलेले. पण कोश त्यांचं मूळ बहुतेक हिंदीत दाखवतात. "आपला" असं छातीठोक म्हणायला मुंगूस सगळ्यात भरवशाचं, शिवाय त्याला शेपटी आहे, चित्र आहे आणि शेवटी साप मिळतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात नाजूक. आप्पा इस्टाटर म्हणतात. या वाक्यावर वर्गात हसू येणारच, ते थांबवू नका, पण ते कुणाच्या अंगावर जातं तिकडं लक्ष ठेवा. मागच्या बाकावरच्या एखाद्या मुलाचे वडील तसंच म्हणतात आणि ते मूल त्या क्षणी खाली बघतं. मी हे पाहिलं आहे. म्हणून मुंगूस-मंगूस गोष्टीत इस्टाटरच्या नंतर येतं आणि सोपान स्वतः दोन्ही जोडतो. शब्दाच्या सुरुवातीलाच स आणि ट एकत्र आले की आपली जीभ अडते. मग कुणी पुढं इ लावून इस्टाटर म्हणतं, कुणी स गाळून ठेसन म्हणतं. साहेबाची जीभ मुंगसाला अशीच अडली. हे समजावून सांगायचं नाही, "अगदी तसंच" एवढं बाईंनी म्हटलं की पुरतं. खाली बघणारं मूल त्या वाक्याला वर बघतं.

आजीचं हसणंही जपून सांगा. ती स्वतःवर हसते आणि लगेच सगळ्यात मोठी शेंग निवडून "ही माझी" म्हणते. शेंग विसरलात तर नुसती म्हातारीची फजिती उरते.

एक चूक मात्र पुन्हा कुणी करू नये म्हणून सांगते. आधीच्या रूपात सोपान वायर हातात धरतो असं मी लिहिलं होतं, शब्द हाताला लागावा म्हणून. एका आईनं वर्गाबाहेर गाठून विचारलं, "बाई, रात्री पोरगं पेटीत हात घालायला लागलं तर?" मला लाज वाटली. शेतावरच्या मुलांच्या गोष्टीत विजेचं सामान आलं की मूल लांब उभं असलं पाहिजे, आणि ते मोठ्यांनी सहज बोलता बोलता सांगितलेलं पाहिजे. "तू हितंच थांब, लांबनं उजेड धर" हे वाक्य तेव्हापासून आहे. त्यानं गोष्टीचं भलंच झालं, कारण नुसता उजेड धरून उभ्या असलेल्या मुलाला ऐकण्याशिवाय दुसरं कामच राहत नाही.

शब्द चौदा आहेत, पण चौदाही सारख्या जोरानं म्हणू नका. फेजवर थांबा, टायमवर थांबा, चावीवर थांबा. सायकलभोवतीचे चार भरभर. फेजच्या जागी खरंच थांबायचं, "कुठं गेला?" नंतर मनात तीन आकडे मोजा. ज्यांच्याकडं शेती आहे ती मुलं आधी हसतील, बाकीची त्यांच्याकडं बघून हसतील. शहरातल्या वर्गात फेज चालणार नाही, तिथं लिफ्ट बंद पडू द्या. बोली तुमच्या भागाची घ्या. मी माणदेशी घेतली कारण माझ्या कानात ती आहे. तुमच्या घरात वऱ्हाडी किंवा मालवणी असेल तर आजी तशीच बोलू दे, फक्त सांगणाऱ्याचं बोलणं साधं ठेवा म्हणजे परगावचं मूलही हरवत नाही. कोकणात शेंगांऐवजी काजूच्या बिया घेतल्यात तर एक बक्षीस आपोआप मिळतं: काजू हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडं आला आणि इंग्रजांनी त्यांच्याचकडून घेऊन त्याचं कॅश्यू केलं. म्हणजे ज्या बीनं शब्द मोजायचे, ती बी स्वतःच डाव्या खिशातली.

आणि हो, गोष्टीत काही इंग्रजी शब्द मी मुद्दाम न उचलता सोडले आहेत. मामाचा फोन, डीपी, वायरमन, रात्रीची लाईट, बाईंचं टेबल. सोपानला ते दिसत नाहीत. गोष्ट संपता संपता कुणीतरी ओरडतंच, "डीपी ऱ्हायला!" तेव्हा तुमच्या पिशवीत मूठभर शेंगा असू द्या. सापडेल त्याला एक. टरफलं मात्र आधीच सांगून एका डब्यात गोळा करा, मी नाही सांगितलं आणि झाडत बसले.

एकदा गोष्ट झाल्यावर सायकल दुरुस्तीवाल्याचा मुलगा दुसऱ्या दिवशी शेंग मागायला आला. म्हणाला, "बाई, सायकलच्या मागच्या चाकात एक फिरवील असतं." मी म्हटलं, ते फ्री व्हील, इंग्रजी आहे, ये, घे शेंग. त्यानं हात मागं घेतला. "न्हाई बाई, इंग्रजी कसं असंल? त्यो चाक फिरवील, म्हणून त्यो फिरवील. आपलाच हाय." मी शेंग त्याच्या हातावर ठेवली आणि खिसा त्याचा त्याला निवडू दिला.